मोंताज आणि जंप कट: रापणीच्या एका शूटिंगवरून समजून घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवबाग, वेंगुर्ला, रत्नागिरी या पट्ट्यातले सिनेमाचे विद्यार्थी पहिली फिल्म बहुतेक किनाऱ्यावरच करतात. म्हणून इथली सगळी उदाहरणं एकाच शूटिंगमधली घेतली आहेत. सकाळी सातला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, पाण्यात गेली, साडेनऊला मासळी वाळूवर आली आणि त्यानंतर एका वयस्क रापणकराची मुलाखत झाली. हाती ४८ मिनिटांचं फुटेज आहे, सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने घेतलेलं. यातून पाचेक मिनिटांचा माहितीपट करायचा आहे.

दोन्ही शब्दांचा थोडक्यात अर्थ काय?

मोंताज म्हणजे वेगवेगळे शॉट शेजारी ठेवून, त्यातल्या कुठल्याच एका शॉटमध्ये नसलेला अर्थ किंवा काळाचा ओघ तयार करणं. जंप कट म्हणजे एकाच शॉटमधला मधला तुकडा काढून उरलेली दोन टोकं जोडणं. कॅमेरा तिथेच असतो, माणूसही तोच, फक्त तो एकदम पुढच्या क्षणाला पोचलेला दिसतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेले, पण जागा आणि आकार जवळपास सारखे असलेले दोन शॉट जोडले तरी डोळ्यांना तसाच धक्का बसतो, म्हणून त्यालाही जंप कटच म्हणतात.

वेळ दोन्हीकडे गळते. मोंताजमध्ये ती कुठे गळली हे कळू नये अशी रचना असते, तर जंप कटमध्ये जोड उघडी दिसते. कोणता प्रकार आहे हे ओळखायला कटच्या अलीकडची आणि पलीकडची एकेक फ्रेम शेजारी ठेवून बघा. दोन वेगळी चित्रं असतील तर मोंताजकडे जाणारी वाट आहे. तेच चित्र किंचित हललेलं दिसत असेल तर तो जंप कट आहे.

फ्रेंच लोक सगळ्याच संकलनाला मोंताज म्हणतात ना? मग वेगळा अर्थ कुठून आला?

बरोबर आहे. फ्रेंचमध्ये तो शब्द जुळवणी, जोडणी या अर्थाचा आहे आणि तिथे सिनेमाचं संकलन म्हणजेच मोंताज. १९२० च्या दशकात सोव्हिएत दिग्दर्शकांनी हाच शब्द घेऊन त्याला सिद्धांताचं वजन दिलं. लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. सर्गेई आयझेन्स्टाइन त्यापुढे गेले. त्यांच्या मते दोन शॉटची टक्कर व्हायला हवी आणि त्या टकरीतून तिसरा विचार निघायला हवा. त्यांच्या १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मध्ये दगडी सिंहांचे तीन शॉट लागोपाठ येतात: झोपलेला, जागा झालेला, उठलेला. पुतळे तीन वेगळे आणि तिन्ही निश्चल, पण पडद्यावर एकच सिंह चवताळून उठतो.

हॉलिवूडने नंतर हा शब्द बराच सैल केला. संगीतावर चालणारी, आठवड्यांचा काळ अर्ध्या मिनिटात उरकणारी दृश्यमाला म्हणजे मोंताज, हा अर्थ तिथून आला. तुम्ही वापराल तो बहुधा हाच. परीक्षेत प्रश्न सोव्हिएत मोंताजचा आहे की काळ आवळणाऱ्या मोंताजचा, हे आधी वाचा. उत्तरं वेगळी आहेत.

कुलेशोवचा प्रयोग किनाऱ्यावर करून बघता येईल का?

येईल आणि तासाभरात होईल. समुद्राकडे बघणाऱ्या माणसाचा क्लोज-अप घ्या, दहा सेकंदांचा. त्याला काहीही अभिनय करायला सांगू नका. मग तीन शॉट घ्या: रिकामी पाटी, बांगड्याने भरलेली पाटी आणि ओट्यावर पडलेलं शाळेचं दप्तर. प्रत्येकाचे चार-चार सेकंद ठेवून चेहरा, वस्तू, चेहरा अशा तीन वेगळ्या फायली करा. तिघा वेगळ्या माणसांना एकेकच फाइल दाखवा आणि माणूस कसला विचार करतोय, एवढंच विचारा.

प्रयोग फसतो तो बहुतेक नजरेमुळे. माणूस डावीकडे दूर बघतोय आणि पाटी वरून, सरळ खाली कॅमेरा धरून घेतलेली आहे, अशा वेळी तो तीच पाटी बघतोय हे मन मानत नाही. वस्तू त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि त्याच्या नजरेच्या दिशेने घ्या.

अडीच तासांची रापण अर्ध्या मिनिटात कशी बसवायची? प्रत्यक्ष फ्रेम किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी घटनेचे टप्पे लिहून काढा. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. दोन रांगा दोर ओढायला लागतात. रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळ्याचं पोट उथळ पाण्यात येतं. शेवटी मासळी वाळूवर. या सहा टप्प्यांतला एकही गाळला तर ज्याने रापण पाहिलेली नाही, त्याला शेवटचे मासे कुठून आले हे कळत नाही. मुंबईच्या प्रेक्षकाला दोर आणि जाळं यांचा संबंध आपोआप माहीत नसतो. दोन रांगा एकाच जाळ्याची दोन टोकं ओढताहेत हे दाखवणारा एक उंचावरचा किंवा लांबचा शॉट लागतोच.

मग १८ शॉट निवडा. पहिला, होडीचा लांबचा शॉट, १०० फ्रेम म्हणजे चार सेकंद. प्रेक्षकाला जागा समजायला एवढा वेळ लागतो. पुढचे चार शॉट प्रत्येकी ६० फ्रेमचे: दोर पाण्यातून वर येतो, पहिली रांग, दुसरी रांग, दोन्ही रांगा एकत्र दिसणारा लांबचा शॉट. त्यानंतर सहा शॉट ४५ फ्रेमचे: दोरावरची पकड, वाळूत रुतलेल्या टाचा, मागे झुकलेली पाठ, चेहरा, वाळूवर पडत जाणारा दोराचा ढीग, जवळ आलेल्या रांगा. मग सहा शॉट फक्त २५ फ्रेमचे: फेसाळलेलं पाणी, जाळ्याची कड, धावणारे पाय, हाक मारणारं तोंड, जाळ्यात चमकणारी पहिली मासळी, एकत्र आलेले सगळे हात. शेवटी मासळीचा एकच शॉट, पुन्हा १०० फ्रेम. बेरीज ८६० फ्रेम, म्हणजे साधारण साडेचौतीस सेकंद.

शॉट आखूड होत गेले की ओढ वाढल्यासारखी वाटते, आणि शेवटचा लांब शॉट तो ताण सोडतो. हे आकडे पहिल्या जोडणीसाठी आहेत. नंतर प्रत्येक कट हालचालीप्रमाणे चार-पाच फ्रेम पुढे-मागे सरकवा. दोर ओढताना माणसं तालात मागे जातात. त्या झटक्याच्या मध्यावर कट घेतला तर पुढच्या शॉटमधल्या झटक्यात तो मुरतो. झटका संपून सगळे थांबलेले असताना कट घेतला तर प्रत्येक शॉट सुटा पडतो आणि स्लाइड शो बघतोय असं वाटतं.

मोंताज तयार झाला, पण काळ पुढे सरकल्यासारखा वाटत नाही. का?

काळ सरकल्याच्या खुणा फ्रेममध्ये नाहीत किंवा त्या उलटसुलट लागल्या आहेत. आपल्या किनाऱ्याची एक खासियत इथे जपावी लागते. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन जमिनीकडून येतं आणि सावल्या समुद्राच्या दिशेने पडतात. सातला त्या लांबलचक असतात, साडेनऊपर्यंत बऱ्याच आखडतात. शॉट खऱ्या क्रमाने लावले तर सावल्याच घड्याळाचं काम करतात. मात्र टाचांचा शॉट राहिला म्हणून तो संध्याकाळी परत जाऊन घेतला, तर त्यात सावली जमिनीकडे पडते. प्रेक्षकाला चूक बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण तो शॉट उपरा आहे हे त्याला जाणवतं. असा शॉट घ्यायचाच असेल तर इतका जवळून घ्या की सावली फ्रेममध्ये येणारच नाही.

ओल्या वाळूची रेघसुद्धा तशीच. भरती-ओहोटीने ती सरकते. मोंताजमध्ये ती एकाच दिशेने सरकत राहिली पाहिजे.

दुसरं कारण म्हणजे सगळे शॉट एकाच आकाराचे असणं. नवखा कॅमेरामन कमरेपासून वरचा शॉटच घेत राहतो. असे सहा शॉट लागोपाठ लावले की तो मोंताज राहत नाही, नकळत जंप कटची माळ होते.

ही ‘नकळत’ होणारी चूक शूटिंगच्या वेळीच कशी टाळायची?

तीस अंशांचा नियम पाळा. एकाच माणसाचे दोन शॉट जोडायचे असतील तर त्यांच्यामध्ये कॅमेरा त्या माणसाभोवती किमान ३० अंश फिरलेला असावा आणि शॉटचा आकारही बदललेला असावा. वाळूवर कोन मोजत बसायची गरज नाही. तुम्ही माणसापासून तीन मीटरवर असाल तर सुमारे दीड मीटर बाजूला सरका, अंतर तेवढंच ठेवा. सहा मीटरवर असाल तर तीन मीटर. म्हणजे अंतराच्या साधारण निम्मं.

यापेक्षा कमी सरकलात तर दोन चित्रं इतकी सारखी असतात की मेंदू त्यांना एकच शॉट समजतो आणि मग माणूस जागच्या जागी उडाल्यासारखा दिसतो.

म्हणजे जंप कट ही चूकच का?

नाही. न ठरवता झालेला जंप कट ही चूक, ठरवून केलेला ही भाषा. ज्याँ-लुक गोदार यांच्या १९६० च्या ‘ब्रेथलेस’ची पहिली जोडणी फार लांब झाली होती. आखडायला त्यांनी अख्खे प्रसंग न काढता शॉटच्या आतले तुकडे काढले. उघड्या गाडीतला प्रसंग आवर्जून बघा. कॅमेरा मागून नायिकेच्या डोक्यावर आणि मानेवर आहे, चित्रचौकट जवळपास तीच राहते, पण प्रत्येक कटला मागचा रस्ता आणि ऊन बदलतं. नायकाचं बोलणं मात्र पुढे चालू राहतं.

आमच्या मते या प्रसंगातून शिकायची खरी गोष्ट आवाजात आहे. चित्र तुटतं तेव्हा आवाजाचा धागा धरून ठेवला, तर प्रेक्षक हरवत नाही. दोन्ही एकदम तोडलंत तर फाइल बिघडली की काय असं त्याला वाटतं.

माझा जंप कट मुद्दाम केलाय हे प्रेक्षकाला कळेल कसं?

दोन गोष्टींनी. एक, उडी पुरेशी मोठी हवी. रापणकराचं डोकं कटला दोन बोटं सरकलं तर फ्रेम गळल्यासारखी दिसते. तोच माणूस आधी हात मांडीवर ठेवून बसलेला आणि कटनंतर पुढे झुकून समुद्राकडे बोट दाखवणारा असेल, तर ती उडी वाचता येते. दुसरं, तो एकटा नसावा. पाच मिनिटांत एकच जंप कट आला तर ती चूक दिसते. मुलाखतीच्या सुरुवातीच्या पंधरा सेकंदांतच दोन-तीन आले की प्रेक्षक तो या फिल्मचा नियम म्हणून स्वीकारतो.

चार मिनिटांचं उत्तर पन्नास सेकंदांवर आणायचंय. सुरुवात कुठून करू?

चित्र बंद करा आणि फक्त ऐका. उत्तर शब्दशः लिहून काढा, ठेवायच्या वाक्यांखाली रेघ मारा आणि ती वाक्यं मोठ्याने सलग वाचा. वाचताना अडखळलात तर जोडणीही अडखळणार.

कट श्वासावर घ्या, पण वाक्याचा शेवट जपा. मराठी आणि मालवणी दोन्हींत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आणि बोलणारा नेमका तिथेच आवाज खाली नेतो. “आता रापण ओढूक माणसां गावनत नाय” या वाक्यातला ‘नाय’ लाटेच्या आवाजात जवळजवळ विरतो. आवाजाच्या आलेखावर तिथे सपाट रेघ दिसते म्हणून विद्यार्थी कट अलीकडे घेतो आणि वाक्याची शेपूट तुटते. डोळ्यांनी कट करू नका, हेडफोन लावा आणि शेवटच्या अक्षरानंतर पाच-सहा फ्रेम सोडा.

कट करताना बोलणं नीट जुळतं, पण मागच्या लाटा उड्या मारतात. उपाय?

किनाऱ्यावर मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. लाट फुटते, पसरते, मागे ओढली जाते. त्या पसरण्याच्या मध्यावर कट पडला तर आवाज चाकूने कापल्यासारखा थांबतो. तुम्ही चित्रातली उडी मुद्दाम ठेवली असेल, पण ही आवाजातली उडी कुणाला नको असते.

मुलाखत संपल्यावर त्याच जागी, माइक तसाच ठेवून, सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसता समुद्र रेकॉर्ड करा. लगेच करा, कारण तासाभराने भरती-ओहोटी बदलते आणि आवाजही बदलतो. टाइमलाइनवर हा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर सगळ्या कटांखालून सलग जाऊ द्या. त्याची पातळी हळूहळू वाढवत न्या आणि तुटलेल्या जागा जिथे झाकल्या जातात तिथे थांबा. बोलण्याच्या प्रत्येक कटला दोन ते चार फ्रेमचा क्रॉसफेड द्या. त्याहून लांब दिला तर आधीच्या शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर चढते.

माइक मुळातच लांब ठेवला असेल आणि लाटा बोलण्याइतक्याच मोठ्या असतील, तर यातलं काहीच पुरेसं होत नाही. अशा वेळी कटची जागाच दोन लाटांमधल्या शांततेत शोधावी लागते.

जंप कट झाकायचाच असेल तर?

दोन मार्ग आहेत. पहिला कटअवे: बोलणं चालू ठेवून वर जाळं विणणाऱ्या हातांचा शॉट टाकायचा. तो कटच्या आधी सुरू होऊन नंतर संपला पाहिजे, आणि दोन सेकंदांपेक्षा आखूड नको. दुसरा मार्ग म्हणजे चौकट बदलणं. फुटेज ३८४० बाय २१६० चं आणि टाइमलाइन १९२० बाय १०८० ची असेल तर कटनंतरचं चित्र मूळ चौकटीच्या दुपटीपर्यंत जवळ आणलं तरी ते फुटत नाही. व्यवहारात दीडपट पुरते. फक्त दहा-पंधरा टक्के जवळ आणलंत तर कॅमेरा दचकल्यासारखा दिसतो, त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

पण झाकावं का, याचाही विचार करा. कटअवेखाली वाक्यं गाळली गेलीत हे प्रेक्षकाला कळत नाही. माणूस पर्ससीन जाळ्यांसारख्या वादाच्या विषयावर बोलत असेल तर उघडा जंप कट ठेवणं जास्त प्रामाणिक आहे. इथे काहीतरी कापलंय, हे तो सरळ सांगतो. आणि झाका किंवा उघडं ठेवा, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं जोडून एक वाक्य कधीही बनवू नका.

जे-कट म्हणजे जंप कटच का?

नाही. जे-कटमध्ये पुढच्या शॉटचा आवाज आधी ऐकू येतो, चित्र नंतर येतं. एल-कटमध्ये आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळतो. टाइमलाइनवर त्या क्लिपा जे आणि एल या रोमन अक्षरांसारख्या दिसतात म्हणून ही नावं. बोलताना घोटाळा होतो, म्हणून संकलकाला कागदावर सूचना देताना ‘जंप’ पूर्ण लिहा.

जंप कट वापरून मोंताज करता येतो का?

येतो. कॅमेरा तिवईवर एकाच जागी ठेवा आणि दोराचा ढीग दर दहा मिनिटांनी पाच सेकंद घ्या. तिवईला कुणाचाही धक्का लागू देऊ नका. फोकस आणि एक्सपोजर हाताने पक्कं करून ठेवा, नाहीतर ढगाबरोबर चित्र उजळ-काळोखं होत राहील. अडीच तासांत १५-१६ तुकडे मिळतात. प्रत्येकाचे २० फ्रेम सलग लावले की ढीग उड्या मारत वाढतो. प्रत्येक जोड जंप कट आहे आणि सगळी माळ मिळून काळाचा मोंताज आहे. परीक्षेत दोन्ही शब्दांचा संबंध विचारला तर हेच उदाहरण लिहा.

सॉफ्टवेअरमध्ये जंप कट मऊ करणारं बटण आहे, ते का वापरू नये?

प्रीमियर प्रोमध्ये त्याला `Morph Cut` म्हणतात, डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये `Smooth Cut`. दोन्ही बाजूंच्या फ्रेमवरून ते मधल्या फ्रेम तयार करतं. खोलीत, स्थिर भिंतीपुढे, एकटा माणूस फारसा न हलता बोलत असेल तर चार ते सहा फ्रेमच्या लांबीवर ते छान बसतं.

किनाऱ्यावर मागे समुद्र असतो. कटच्या अलीकडे लाट फुटलेली, पलीकडे पाणी मागे गेलेलं. चेहरा जुळतो, पण माणसाच्या खांद्यामागे पाणी चिखलासारखं वितळतं आणि माडाची झावळी दोनदा दिसते. फोनच्या छोट्या पडद्यावर हे सुटून जातं, प्रोजेक्टरवर लगेच दिसतं. हे बटण वापरायचा विचार असेल तर मुलाखतीच्या वेळीच माणसाला समुद्राकडे तोंड करून, होडीच्या किंवा झोपडीच्या भिंतीला टेकवून बसवा. पाठीमागे काही हलत नसेल आणि त्याची मान दोन्ही टोकांना एकाच बाजूला वळलेली असेल, तरच ते लावा. लावल्यावर पूर्ण पडद्यावर एकेक फ्रेम पुढे नेत कान आणि खांद्याच्या कडा तपासा.